KW 36

मुलाखत बरी झाली होती. श्टुटगार्टजवळची पंप बनवणारी कंपनी, पडद्यावर एक डॉक्टरेटवाल्या बाई आणि पंचावन्न मिनिटं नेमके प्रश्न. दुसऱ्या दिवशी त्यांची एका ओळीची मेल आली: Decision in KW 36.

मी चौदा वर्षं पंपांना मोटरी निवडून देतोय. मला KW दिसलं की किलोवॅटच दिसतो. पण ३६ किलोवॅटची मोटर तयार मिळत नाही, ३० नंतर एकदम ३७ येते. त्यामुळे हा मुलाखतीतला राहिलेला प्रश्न आहे की काय, या विचारात माझी एक रात्र गेली.

KW म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, हे म्युनिकच्या मित्राने सांगितलं. तिकडे आठवड्यांना नंबर असतात. आठवडा सोमवारी सुरू होतो, आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो आठवडा पहिला. २०२४ चा छत्तिसावा म्हणजे २ ते ८ सप्टेंबर. आपल्या भाषेत, गणपती बसतात तो.

पंचाईत अशी की पुण्यातल्या एका कंपनीला मला ४ सप्टेंबरपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. म्हणून २१ ऑगस्टला बाईंना मेल लिहायला बसलो. आपण सकुटुंब कुशल असाल अशी आशा. आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल आभार. आपण अत्यंत व्यग्र असाल याची कल्पना आहे, त्रासाबद्दल क्षमस्व. मग 'जेंटल रिमाइंडर'. आणि शेवटी, हात आपोआप वळले, 'काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट अ‍ॅट द अर्लीएस्ट'. ४ तारखेचा उल्लेख मुद्दाम टाळला. दुसरी नोकरी हातात आहे असं सांगणं म्हणजे भाव खाल्ल्यासारखं वाटतं ना!

उत्तर क्षणात आलं, ते यंत्राचं. बाई २५ पर्यंत सुट्टीवर, आलेली मेल कुणाकडे पाठवली जाणार नाही. आपल्याकडे सुट्टीच्या निरोपातसुद्धा 'अर्जंट असल्यास' म्हणून मोबाइल नंबर असतो. इथे तसलं काही नव्हतं.

२६ तारखेला, सव्वाबारा वाजता, म्हणजे त्यांच्या पावणेनऊला, खरं उत्तर आलं. धन्यवाद, माझे कुटुंबीय ठीक आहेत. तुमचा प्रश्न काय आहे?

मी मित्राला दोन्ही मेल दाखवल्या. तो हसला नाही, हे जास्त लागलं. म्हणाला, "तू एवढं लिहिलंस, पण विचारलं काहीच नाहीस. रिमाइंडर कसला पाठवतोस? त्यांनी दिलेला आठवडा अजून उजाडलेलाही नाही. त्या म्हणतील, हा मला चुकार ठरवतोय. आणि शेवटची ओळ तर सरळ हुकूम आहे. 'जे काय करायचं ते करा आणि लवकर कळवा.' तुला वाटतंय तू वाकून नमस्कार केलास."

मग त्याने माझ्याकडून नवी मेल लिहवून घेतली. विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि मुलाखतीची तारीख. मायना पूर्ण, बाईंच्या 'डॉक्टर'सकट, कारण तो गाळला तर तिथे खरंच उद्धटपणा होतो. मजकूर एवढाच: मला दुसरीकडून नोकरीचा प्रस्ताव आहे. त्यांना ४ सप्टेंबरपर्यंत उत्तर द्यायचं आहे. माझी पहिली पसंती तुमच्या कामाला आहे. ३ तारखेपर्यंत निर्णय कळवणं तुम्हाला शक्य होईल का? खाली शुभेच्छा आणि नाव.

'शक्य होईल का' हे मात्र त्याने काढू दिलं नाही. विनंतीची जागा तीच, म्हणाला, बाकी आरास नको.

बायकोने वाचलं. "हे काय, वीज तोडण्याची नोटीस?"

मी डोळे मिटून पाठवली. वीस मिनिटांत उत्तर: हो. ३ तारखेला दुपारी १२ पर्यंत कळवते. तारीख सांगितल्याबद्दल आभार.

आणि ३ तारखेला आपल्या साडेतीनला, एका मिनिटाचाही उशीर न होता, मेल आली. तुम्ही आमच्या यादीत दुसरे आहात. पहिला उमेदवार गुरुवारी उत्तर देईल. तो नाही म्हणाला तर शुक्रवारी तुम्हाला नेमणूकपत्र पाठवू.

माझ्या तोंडावर मला इतक्या स्वच्छपणे कुणी दुसरं म्हटलं नव्हतं. आपल्याकडे 'बघू, कळवतो' म्हणून सहा महिने पहिलाच ठेवतात.

आता पुण्याच्या कंपनीकडून तीन दिवस वाढवून घ्यायचे होते. हात बसलाच होता. विषय, कारण, तारीख, 'शनिवारपर्यंत मुदत देणं शक्य होईल का'. चार ओळी, पाठवून मोकळा.

दहाव्या मिनिटाला फोन वाजला. एचआरच्या मॅडम होत्या, आवाज पडलेला.

"सर, आमच्याकडून काही चुकलं का?"