पाणी मारलं का?

घर बांधायला काढलेल्या माणसाला कोणी ‘जेवलात का’ म्हणून विचारत नाही. सगळे एकच विचारतात, ‘पाणी मारलं का?’ मिस्त्री विचारतो, शेजारचे काका विचारतात, आणि संध्याकाळी फेरी मारायला निघालेले निवृत्त गृहस्थ तर रस्त्यावरूनच मान वर करून ‘कोरडा दिसतोय हो स्लॅब!’ असा निकाल देतात. स्लॅब रस्त्यावरून दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

मजुरीच्या कामात बहुतेक वेळा ‘पाणी मारणं मालकाकडे’ असं एक वाक्य असतं. ते इतकं घाईत उच्चारलेलं असतं की मालकाला ते स्लॅब ओतून झाल्यावरच ऐकू येतं. मिस्त्री नारळ फोडून, पेढा तोंडात टाकून निघून जातो आणि मे महिन्याच्या उन्हात छपरावर आपण आणि पाइप असे दोघेच उरतो.

आपला समज असा की काँक्रीट तहानलेलं असतं आणि आपण त्याला पाणी पाजतो. खरं तर कालवताना घातलेल्या पाण्यातच सिमेंटला पुरून उरेल एवढं पाणी असतं. ५० किलोच्या गोणीला २५ लिटर म्हणजे चंगळच. अडचण एवढीच की ऊन ते पाणी पळवतं, आणि पाणी गेलं की सिमेंटचं घट्ट होण्याचं काम तिथल्या तिथे थांबतं. वरचा पापुद्रा मग भुसभुशीत राहतो. म्हणजे आपण पाणी देत नसतो, आतलं पाणी जाऊ नये म्हणून राखणीला बसलेले असतो.

म्हणूनच सकाळ-संध्याकाळ पाइपनं शिंपडण्याला मी पाणी मारणं म्हणतच नाही. दुपारी बारानंतर तो स्लॅब पांढरा पडतो आणि संध्याकाळपर्यंत तसाच तापत राहतो. आळीच करावी लागतात. स्लॅब ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कमी सिमेंटच्या मालाच्या पाळी घालून चार-पाच फुटांचे वाफे करायचे आणि त्यांत इंचभर पाणी भरून ठेवायचं. मातीच्या पाळी फुकटात होतात, पण पाणी त्यांना कुरतडून पळून जातं. वाफे छोटे का? स्लॅब कुठेतरी इंचभर कललेला असतोच. मोठ्या वाफ्यात एका टोकाला घोटा बुडतो आणि दुसऱ्या टोकाला काँक्रीट उघडं पडतं. रस्त्यावरच्या गृहस्थांना नेमकं तेच टोक दिसतं म्हणे.

आता पाण्याचा हिशेब. तो घाबरवणारा आहे, पण सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. १००० चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे ९३ चौरस मीटर, त्यावर इंचभर पाणी म्हणजे २३०० लिटर. मराठवाड्यातल्या मे महिन्यात उघडं पाणी दिवसाला साधारण एक सेंटिमीटर उडतं, म्हणजे रोज ९३० लिटर नुसते आकाशाला अर्पण. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस पाणी लागतं. पहिली भरणी आणि पुढच्या नऊ दिवसांची भर मिळून जवळजवळ १०,७०० लिटर झाले. दहा हजार लिटरचा टँकर इथेच रिकामा! पाळींतून झिरपलेलं यात धरलेलंच नाही. दहा दिवसांत कोणी ‘एवढं पाणी गेलं कुठे?’ असं विचारलं तर बिनदिक्कत आकाशाकडे बोट दाखवावं.

भिंतींची गोष्ट आणखी अवघड, कारण त्यांच्यावर आळी बांधता येत नाहीत. पाइप लावला की अर्धंअधिक पाणी थेट पायाशी उतरतं आणि चिखल करून बसतं. भिंतीला लागतं ते पाणी थोडं, पण वारंवार. हलक्या फवाऱ्यानं दिवसातून तीन-चार वेळा आणि तेही सात दिवस. जोराची धार ताज्या सांध्यातला माल खरवडून काढते, म्हणून नळीच्या तोंडावर बोट धरून धार फोडायची. शिवाय वीट कोरडी लावलेली असेल तर ती सांध्यातलं पाणी आधीच पिऊन टाकते. मग बाहेरून कितीही शिंपडा. विटा आधी भिजवल्याच पाहिजेत.

गोंधळ उडतो तो तारखांचा. काम रोज तीन-चार फूट चढत जातं, त्यामुळे एकाच भिंतीत खालचा भाग सहा दिवसांचा आणि वरचा कालचा असतो. खडूनं प्रत्येक टप्प्यावर तारीख लिहून ठेवावी, नाहीतर जुन्या भागाला मनसोक्त पाणी मिळतं आणि नवा कोरडा राहतो.

शंका आली तर किल्ली घेऊन सांधा खरवडावा. चांगला सांधा किल्लीला दाद देत नाही. वाळू भुरभुरून पडली तर तो भाग उपाशी राहिला म्हणून समजावं, आणि पहिल्यांदा पश्चिमेकडचा भाग तपासावा, कारण दुपारचं ऊन तिथेच सगळ्यात जास्त वेळ टिकतं. आणि कठड्यांकडे, खिडक्यांच्या वरच्या छज्ज्यांकडे लक्ष असू द्यावं. पाइप तिथवर पोचत नाही, म्हणून ते भाग सगळ्यांकडून राहतात. तिथे ओलं गोणपाट टाकून ठेवायचं आणि दुपारी एकदा हात लावून ते अजून ओलं आहे का ते बघायचं.