आत्याबाईंना मिशा असत्या तर

नातू लियोंला जन्मला, म्हणून वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी दर शनिवारी फ्रेंच शिकायला जाऊ लागलो. फ्रेंचमध्ये 'जर'ला 'सी' म्हणतात. शब्द एवढासा, पण माझे चार शनिवार खाऊन बसला.

सुरुवातीलाच वाक्य आलं, 'पाऊस आला तर मी घरी थांबेन.' 'आला' म्हणजे भूतकाळ, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. मी इमानदारीत फ्रेंचमध्येही भूतकाळच घातला, 'सिला प्ल्यू'.

"काका, याचा अर्थ पाऊस पडून गेला असेल तर," मॅडम म्हणाल्या. "पाऊस संपल्यावर घरी कशाला थांबताय?"

खरंच घडू शकणारी गोष्ट असेल, तर 'सी'पुढे साधा वर्तमानकाळ आणि उरलेल्या अर्ध्यात भविष्यकाळ. 'सिल प्ल, ज रेस्तरे.' आपल्याकडे न आलेला पाऊससुद्धा 'आला' असतो, याला मी काय करणार?

मग स्वप्नांचा धडा आला. 'पैसे असते तर बंगला घेतला असता.' मराठीत दोन्हीकडे 'असतं', कसं नीटनेटकं! मी फ्रेंचमध्येही दोन्हीकडे सारखंच रूप लावलं, 'सी झोरे...'. पुढचा 'बंगला' उच्चारायच्या आत लाल पेन खाली आलं. अटीच्या 'सी'पाठी 'रे'वालं क्रियापद चालत नाही. तिथे अपूर्ण भूतकाळ, 'सी झाव्हे', आणि 'रे' पलीकडच्या अर्ध्यात, 'झाशेत्रे'. तिकडची पोरं म्हणे हे घोकतात, 'ले सी नेम पा ले रे', म्हणजे 'सी'ला 'रे' आवडत नाही. ऐकताना त्याचा अर्थ करवतींना पाकट मासे आवडत नाहीत, असाही होतो. मालवणातल्या माझ्या मेव्हण्याला हे पटणार नाही.

पण खरी पंचाईत पुढेच होती.

"काका, पैसे कधी नव्हते? आता की तेव्हा?"

आता नसतील तर 'झाव्हे' आणि 'झाशेत्रे'. तेव्हा नव्हते आणि संधी गेली, तर दोन्हीकडे एकेक क्रियापद वाढवायचं, 'सी झाव्हे-झ्यू, झोरे आशते'. आपलं 'असते तर' दोन्ही दुःखं एकाच पिशवीत भरतं. फ्रेंचमध्ये दारिद्र्याचीही तारीख सांगावी लागते.

"मॅडम, तेव्हाही नव्हते आणि आताही नाहीत."

"मग दोन वाक्यं लिहा."

परीक्षेत स्वतःचं उदाहरण मागितलं. मी ठेवणीतलं काढलं, आत्याबाईंना मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. 'सी मा तांत आव्हे दे मुस्ताश, ऑं लापेलरे मों नोंक्ल.' एकीकडे 'आव्हे', दुसरीकडे 'रे'. पेन थांबलंच नाही!

मॅडम खुदकन हसल्या. "अहो, फ्रेंचमध्येही ही म्हण आहे. फक्त त्यांच्या आत्याला मिशा नसतात."

"मग काय नसतं?"

"काका, पुढचा धडा काढा."