"तीन हजारांच्या ऑप्शनवर साडेबारा हजार गेले. छुपे चार्जेस, वर मार्जिनसाठी धमकीचे मेसेज. लुटारू!" (एक तारा)

साहेब, नमस्कार. तुम्हाला मनस्ताप झाला याचं वाईट वाटलं, क्षमस्व. पण 'लुटारू' हा शब्द टिळक रोडवर बसून सहज पचत नाही, म्हणून हिशोब इथेच मांडतो.

तुम्ही 1000 स्ट्राइकचा कॉल घेतला होता, लॉट 500 चा, प्रीमियम 6 रुपये. म्हणजे 3,000. एक्स्पायरीला शेअर 1004 ला बंद झाला. चार रुपये आत, म्हणजे 2,000 पदरात, असं तुम्ही धरलंत. पण निफ्टीचा ऑप्शन रोखीत मिटतो, तसा स्टॉक ऑप्शन मिटत नाही. ऑक्टोबर 2019 पासून सगळ्या स्टॉक ऑप्शन्सना डिलिव्हरी सक्तीची आहे. पाच पैसे आत असला तरी शेअर घ्यावेच लागतात: 1000 गुणिले 500, पाच लाखांचे.

आणि खर्च त्या पाच लाखांवर लागतो, प्रीमियमवर नाही. एसटीटी 0.1 टक्का, 500 रुपये. स्टँप ड्यूटी 75. डिलिव्हरीचं ब्रोकरेज पाव टक्का, 1,250, त्यावर जीएसटी 225. झाले 2,050. तुमचे 2,000 इथेच संपले. यातले 1,250 आमचे, ते लपवत नाही. दरपत्रकात लिहिलेलं आहे, त्यावर तुमची सही आहे. प्रीमियमचे 3,000 आधीच गेले होते, उरलेले 7,500 बाजाराचे: शेअर हातात आले तेव्हा भाव 985 होता.

एक्स्पायरीच्या दिवशी दुपारी पावणेतीनला आमच्या मुलीने तुम्हाला फोन केला. (पेठेला लागून असलो तरी दुपारी एक ते चार आम्ही उघडे असतो.) स्क्रीनवर 3.80 चा बिड होता. विकला असता तर 1,900 आले असते, एसटीटी दोन-तीन रुपये. तुम्ही म्हणालात, "चार रुपये आत आहे, वीस पैसे कमी का घेऊ?" खूप आत गेलेल्या ऑप्शनला गिऱ्हाईक मिळत नाही, ही अडचण खरी असते. तुमच्या बाबतीत ती नव्हती.

आता मेसेज. आत असलेल्या ऑप्शनवर एक्स्पायरीच्या चार दिवस आधीपासून एक्स्चेंज डिलिव्हरी मार्जिन लावतं: शेअरच्या मार्जिनच्या 10, मग 25, 45 आणि आदल्या दिवशी 70 टक्के. शेअरचं मार्जिन 20 टक्के धरलं तर पाच लाखांवर एक लाख. म्हणजे दहा हजारांपासून सत्तर हजारांपर्यंत. खात्यात तुमचे होते नऊ हजार. मेसेज करायचा नाही तर काय करायचं?

मेसेजची भाषा जरा सौम्य करता येते का ते बघतो, आणि एक्स्पायरीच्या आठवड्यात फोन आणखी लवकर करण्याचंही बघू. एकदा ऑफिसला या, कॉन्ट्रॅक्ट नोट समोर ठेवून बोलू. ताऱ्याचं तुम्ही ठरवा.