पेमेंट डिक्लाइन झालं की पिन रीसेट करा? थांबा जरा

"यूपीआय पेमेंट डिक्लाइन झालं तर समजा सर्व्हर डाऊन आहे. ॲप डिलीट करून परत टाका, पिन रीसेट करा, नाहीतर दुसऱ्या ॲपवरून पाठवा, 100 टक्के जातं. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज मला फॅमिली ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि लोक खरंच तसं करतायत म्हणून मुद्दाम लिहितोय. यातला एकेक सल्ला घेऊ.

आधी ते सर्व्हरचं. सर्व्हर डाऊन असतो कधीकधी, नाही असं नाही, पण तेव्हा ॲप तसं सांगतं, बँकेकडून उत्तर येत नाही वगैरे, किंवा पेमेंट पेंडिंगमध्ये लटकतं. लिमिट संपलेली असते किंवा पिन चुकलेला असतो तेव्हा बँक जिवंत असते आणि व्यवस्थित विचार करून नाही म्हणते, लगेच, दोन सेकंदात. खात्यातून पैसेही कटत नाहीत. म्हणून पहिलं काम एकच, हिस्टरीत जाऊन ते फेल झालेलं पेमेंट उघडायचं आणि खाली लिहिलेलं कारण शांतपणे वाचायचं. काही ठिकाणी कोड दिसतो: ZM म्हणजे पिन चुकला, Z6 म्हणजे चुकीच्या पिनची संख्या संपली, Z8 म्हणजे एका व्यवहाराच्या रकमेची बँकेने ठरवलेली मर्यादा ओलांडली, Z7 म्हणजे किती वेळा पाठवायचं त्याची. कोड नसला तर डेली लिमिट, इनकरेक्ट पिन असे शब्द तरी असतातच. सर्व्हर, लिमिट आणि पिन, तिन्हीचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की प्रकरण वाढतं.

आता "दुसऱ्या ॲपवरून पाठवा". हा सल्ला सगळ्यात जास्त फिरतो आणि इथे कामाला येत नाही. गुगल पे, फोनपे, भीम ही फक्त दारं आहेत, खातं एकच. लिमिट मोजते बँक, पिन तपासते बँक. एखाद्या ॲपची स्वतःची मर्यादा आडवी आली असेल तर दुसरं ॲप चालेलही, पण खात्याची लिमिट संपली असेल तर सगळीकडे संपलेली असते. आणि यूपीआय पिन ॲपचा नसतो, खात्याचा असतो. एका ॲपमध्ये बदलला की सगळ्या ॲपमध्ये त्या खात्यासाठी नवाच चालतो, हे इतक्या लोकांना माहीत नाही की विचारू नका.

लिमिटचं गणित असं आहे. माणसाने माणसाला पाठवायची साधारण मर्यादा दिवसाला 1 लाख, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ठरवलेली. हॉस्पिटल, शिक्षणाची फी, टॅक्स वगैरे ठराविक ठिकाणी ती जास्त आहे. पण प्रत्येक बँक आपली मर्यादा याच्या खाली ठेवू शकते, आणि लहान बँका ठेवतातही. शिवाय दिवसाला किती वेळा पाठवायचं याचीही मर्यादा असते, बऱ्याच बँकांत 20, त्यामुळे पाच-पाच हजाराचे तुकडे करून पाठवणारे लोक रकमेच्या आधी पेमेंटच्या संख्येत अडकतात. काही बँका दिवस मध्यरात्रीला संपवतात, काही 24 तास मोजतात, म्हणून शेवटच्या मोठ्या पेमेंटपासून पूर्ण 24 तास सोडले की दोन्ही हिशोबात सुटका होते. इतका वेळ नसेल तर बँकेच्या ॲपमधून किंवा नेटबँकिंगमधून आयएमपीएस किंवा एनईएफटी करा, त्यांची लिमिट सहसा वेगळी असते आणि एनईएफटी आता रात्री-सुट्टीलाही चालतं. फक्त नवीन बेनिफिशियरी टाकला की पहिले काही तास बँक रक्कम कमी ठेवते, ते धरून चाला.

माझ्या मावसभावाचं बघा. डोंबिवलीत भाड्याने फ्लॅट घेतला, सकाळी बहिणीला 60,000 पाठवले होते आणि दुपारी घरमालकाला 50,000 डिपॉझिट पाठवायला गेला तर डिक्लाइन. खात्यात पैसे भरपूर. याने ॲपमध्ये लिहिलेलं कारण वाचलंच नाही, ग्रुपवरचा सल्ला आठवला आणि पिन रीसेट केला. परत डिक्लाइन, होणारच ना, लिमिटला पिनशी काय देणंघेणं. मग दुसरं ॲप उघडलं, तिथे सवयीने जुना पिन टाकला, तीन वेळा, कारण त्याला वाटलं नवा पिन त्या पहिल्या ॲपचाच आहे. आता पिनही ब्लॉक. समोर मालक बसलेला, ब्रोकर बसलेला, आणि खरं तर त्याला सुरुवातीलाच 40,000 पाठवून उरलेले 10,000 दुसऱ्या दिवशी देता आले असते. शेवटी नेटबँकिंगमधून गेले.

पिन ब्लॉकचं म्हणाल तर साधारण तीन चुका झाल्या की बँक त्या खात्याचा यूपीआय पिन 24 तास बंद ठेवते. दोन वाटा आहेत, थांबा किंवा रीसेट करा. पिन आठवत असेल आणि घाईत बोट चुकलं असेल तर थांबा. आठवतच नसेल तर अंदाज लावत बसू नका, तिथे मात्र रीसेट हाच उपाय आहे. एटीएमचा पिन वेगळा, ॲप उघडायचा लॉक वेगळा, यूपीआय पिन वेगळा, वडीलधाऱ्यांच्या बाबतीत निम्म्या वेळा हीच गल्लत निघते.

रीसेट करायला ॲपमध्ये त्या बँक खात्यावर जाऊन पिन विसरलो हा पर्याय घ्यायचा, डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि एक्सपायरी टाकायची, बँकेचा ओटीपी येतो, काही बँका एटीएम पिनही विचारतात, मग नवा पिन. कार्ड नसेल तर आधारवरून होतं, पण आधारला आणि बँकेला एकच मोबाईल नंबर लागतो. रीसेटच होत नसेल तर बहुतेक वेळा कार्डाची मुदत संपलेली असते किंवा नवीन कार्ड ॲक्टिव्हेट केलेलं नसतं. ते आधी एटीएमवर जाऊन चालू करा. आणि उगाच रीसेट नको म्हणतोय त्याला कारण आहे, काही बँका नवीन पिननंतर पहिले 24 तास रक्कम कमी करून ठेवतात. पेमेंट अडलं म्हणून पिन बदलला आणि त्यामुळेच पुढचं अडलं, असं होतं.

ॲप डिलीट करण्याचा सल्ला तर अजून महाग पडतो. परत टाकलं की सिम पुन्हा एसएमएसने व्हेरिफाय होतं, आणि बँकेने ती नवीन नोंदणी धरली तर अँड्रॉइडवर पहिले 24 तास 5,000 च्या वर पाठवता येत नाही, आयफोनवर 72 तास. फोन बदलल्यावर तर हे होतंच. म्हणजे लाखाची लिमिट असलेला माणूस स्वतःहून पाच हजारावर येतो. मोठं पेमेंट असेल त्या आठवड्यात ॲपला हात लावू नका, नवा फोनही दोन-तीन दिवस आधी चालू करा.

आणि हे सगळं करताना कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधू नका. पिन रीसेट करून देतो म्हणणारा माणूस फोनवर ओटीपी किंवा स्क्रीन शेअर मागत असेल तर तो चोर आहे, फोन कट करा, पैसे गेलेच तर लगेच सायबर हेल्पलाइनला 1930 वर कळवा. बँकेचा खरा नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो.