आत्याचं मनगट आणि खिडकीचा गज

घरात एक रेडिऑलॉजिस्ट असला की खानदानातल्या प्रत्येक हाडावर त्यानं फुकट मत द्यावं, हा इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या नातलगांचा अलिखित कायदा आहे.

परवा आत्या ओट्यापाशी घसरली आणि हात टेकून पडली. एक्स-रे झाला. आतेभावानं फिल्म खिडकीच्या काचेला लावून फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "भिया, लवकर सांग, पोहे अडलेत."

फोटोत फ्लॅशचा पांढराशुभ्र गोळा होता, तोही नेमका अंगठ्याच्या बुडाशी. तिथे काजूएवढं स्कॅफॉइड नावाचं हाड असतं, आणि असं हात टेकून पडल्यावर त्याच्यावरही संशय जातो. ते मोडलं तरी पहिल्या दिवशी चांगल्या फिल्मवरही कधीकधी दिसत नाही. मग १०-१४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. इथे तर ते चकाकीच्या पोटात गडप! फोटो कितीही काळा करा, जिथे कॅमेऱ्यानं नुसतं पांढरं टिपलंय तिथून हाड उगवत नाही.

एवढ्यात काकांनी लाल गोल करून पाठवला. "ही बघ चीर!" काळी, सरळ रेघ खरंच होती. पण ती रेडियस या हाडातून निघून शेजारच्या अल्ना या हाडातून पार होत कातडीबाहेर गेली होती आणि थेट फिल्मच्या काठाला भिडली होती. हाडाची चीर हाडाच्या कडेला संपते. हवेला फ्रॅक्चर होत नाही. तो खिडकीचा गज होता.

"आत्याचा कुठला हात हा?" मी फोनवर विचारलं.

"उजवा. म्हणजे… असावा. कडेचा कचरा मीच कापला ना, फोटो साफ दिसावा म्हणून."

त्या कचऱ्यात नाव, तारीख आणि डावं-उजवं सांगणारं अक्षर होतं. फिल्म उलटी धरली तरी फोटो तितकाच देखणा येतो. शिवाय आत्याच्या कपाटात जुन्या पडापडीच्या फिल्मा आहेतच. बाजूने काढलेला दुसरा एक्स-रेही कापला गेला होता. तुटलेलं टोक मागे कललंय की पुढे, ते त्यातच कळतं. आतेभावाला तो "तोच हात परत" वाटला.

उरलंसुरलं ॲपनं आवळलं. फोटो लहान करताना तो ८×८ ठिपक्यांच्या चौकोनांत कापला जातो आणि प्रत्येक चौकोनातले बारीक फरक आधी उडवले जातात. केसाएवढी चीर म्हणजे बारीक फरकच की! मोठं करून पाहिलं तर आत्याच्या मनगटात फरशी बसवलेली.

मी सांगितलं, "सेंटरवरून मूळ फाइल आणि रिपोर्ट माग. ते होईतो फ्लॅश बंद करून अख्खी फिल्म लॅपटॉपच्या कोऱ्या पांढऱ्या स्क्रीनपुढे धर, फोटो काढ आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि आत्याला हात हलवू देऊ नकोस."

डॉक्युमेंट लगेच आलं. ग्रुपवरच्या त्याच फोटोचा स्क्रीनशॉट होता. त्यात आतेभावाच्या फोनची बॅटरी १२ टक्के उरल्याचं मात्र अगदी स्वच्छ वाचता येत होतं.