‘पुस्तकी’ सेट ऑफरबद्दल : निपाणीच्या वाचकांना उत्तर

*"सेट ऑफरवरचा लेख वाचला. पुस्तकी आहे. साडी-परकर-फॉलपिको असा सेट मी दुकानात लावला. विक्री वाढली, नफा आटला. शेजारचा सरळ वीस टक्के सूट देतो, गर्दी त्याच्याकडे. शहापुरात बसून सल्ले देणं सोपं असतं. आणि एवढं लांब लिहितं कोण?"*

लांब होता, मान्य. पुढचा लेख आटोपशीर लिहीन.

बाकीचं मात्र असं सोडता येणार नाही. ‘शहापुरात बसून’ म्हणजे काय हो? बेळगावचं शहापूर म्हणजे पुण्यातला एसी हॉल वाटला का तुम्हाला? दहावीच्या सुट्टीपासून मी वडिलांच्या गादीवर बसतोय. चंदगडकडची मंडळी बस्ता बांधायला यायची, आणि खाली बैलहोंगलकडची गिऱ्हाइकं ‘स्वल्प कडिमे माडी’ म्हणत तासभर उठायची नाहीत. दोन्ही भाषांत घासाघीस ऐकत मोठा झालोय. पुस्तकं वाचायला सवड कुठे होती? प्रश्न विचारायचा तर विचारा, पण आधी टोमणा आणि मग प्रश्न, ही कसली पद्धत?

असो. तुमचं एकच वाक्य कामाचं आहे, विक्री वाढून नफा आटल्याचं. आकडे तुम्ही दिले नाहीत, म्हणून माझेच धरतो. साडी हजाराला विकायची, पडते सातशेला. परकर दोनशेचा, पडतो शंभरला. फॉलपिकोचे शंभर घेतो, त्यातले साठ शिवणारणीला आणि फॉलला जातात. सगळं सुटं घेतलं तर बिल तेराशे आणि सुटतात चारशे चाळीस. सेट बाराशेला लावला की सुटतात तीनशे चाळीस.

जी बाई फक्त साडी घेऊन जाणार होती तिच्याकडून तीनशे सुटले असते. सेटमुळे चाळीस जास्त मिळाले. पण जी नाहीतरी तिन्ही घेणारच होती, तिला तुम्ही शंभर रुपये उगाच परत केले. आता सेट घेणाऱ्या दहाजणींमध्ये अशा दोघी असतील तर आठजणींकडून तीनशे वीस आले, दोनशे गेले, ठीक आहे. तिघी असतील तर दोनशे ऐंशी येतात आणि तीनशे जातात. बिलं फुगतात, परकर खपतात आणि नफा कमी होतो. तुमच्याकडे हेच झालं असणार. दोष सेटचा नाही, तो कोणापुढे ठेवला त्याचा आहे.

हे ऑफर लावण्याआधी कळतं. जुनी बिलबुकं काढा आणि साडीच्या बिलांवर परकर-फॉल किती वेळा सोबत लिहिलाय ते मोजा. लग्नसराईत हे प्रमाण वाढणारच, कारण बस्त्याचं गिऱ्हाईक सगळं एकाच दुकानातून उचलतं. तिथे सेटची पाटी काढून ठेवायची. शिवाय ते गिऱ्हाईक सेटच्या बाराशेवर आणखी पन्नास कमी करायला लावतं, म्हणजे सूट दोनदा जाते. सेट आषाढात लावा, एकेक साडी घेणाऱ्या बायका येतात तेव्हा. हे मी मागच्या लेखात लिहिलं होतं, पण लांब लेख वाचायचा कंटाळा असेल तर माझा इलाज नाही.

बस्त्याला वेगळं काही हवं. ते लोक सहसा जितक्या आहेराच्या साड्या घेतात, त्याच्या बऱ्याच वर उंबरठा ठेवा. साडी साडेतीनशेची, सुटतात शंभर. लोक आठ घेतात, म्हणजे आठशे सुटतात. दहा घेतल्यास नगामागे पंचवीस कमी, असं लावलंत तर साडेसातशे सुटतील. दोन साड्या जास्त विकून पन्नास कमी! तेच बारावर लावलंत तर नऊशे. ‘दहा’ हा आकडा पाटीवर छान दिसतो, म्हणून तोच लिहितात सगळे.

शेजाऱ्याबद्दल काय बोलायचं? हजाराच्या साडीवर दोनशे सोडले की त्याच्या हातात शंभर उरतात. पूर्वीइतकाच नफा हवा असेल तर तिप्पट साड्या विकायला हव्यात. तेवढ्या विकतोय का, की आधी किमतीची चिठ्ठी बदलून मग सूट देतोय, हे त्याच्या दुकानात जाऊन एकदा बघा. गर्दी मोजू नका, पिशव्या घेऊन बाहेर पडणारे मोजा.

आणि तुमचा सेट कोणत्या महिन्यात लावला होता ते कळवा. टोमणा न मारता कळवलंत तर उत्तरही सरळ देईन.