ज्येष्ठमध, बीपी आणि घसरलेलं पोटॅशियम: एका प्रतिक्रियेला उत्तर

"डॉक्टरसाहेब, ज्येष्ठमध आमच्या घरात आजीच्या काळापासून आहे, कुणाला काही झालं नाही. झाडाच्या मुळीने बीपी वाढतं म्हणणं म्हणजे लोकांना आयुर्वेदाची भीती घालणं. आणि पोटॅशियम कमी झालंच तर दोन केळी खायची, त्यात काय एवढं?"

दादा, तुमच्या आजींचं मला पटतं. खोकला झाला की चार दिवस काडी चघळायची आणि मग डबा परत फडताळात, एवढ्याने धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. माझं म्हणणं रोज आणि महिनोन्महिने घेणाऱ्यांबद्दल आहे.

अक्कलकोट रोडकडच्या एका कारखान्यात यंत्रमागावर काम करणारे पन्नाशीचे एक गृहस्थ आले होते. कापसाच्या तुसाने घसा कोरडा पडतो म्हणून दिवसभर तोंडात काडी, आणि अ‍ॅसिडिटीसाठी सकाळ-रात्र चमचाभर चूर्ण, असं चार-पाच महिने चाललेलं. तक्रार काय, तर जिना चढताना मांड्यांत जोरच राहत नाही. बीपी १७८/१०४, तेही टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू असताना, आणि पोटॅशियम २.६ (३.५ च्या खाली गेलं की कमी). लघवीत मात्र पोटॅशियम भरपूर जात होतं. शरीरात कमी असताना किडनीने ते धरून ठेवायला पाहिजे, इथे उलट ती सांडत होती.

आता हे का होतं ते बघा. किडनीत एक रिसेप्टर असतो, त्याचं काम मीठ धरून ठेवणं आणि पोटॅशियम लघवीत सोडणं. तो चालू करायचा अल्डोस्टेरॉन या हार्मोनने. पण गंमत अशी की कॉर्टिसॉल, म्हणजे आपलं रोजचं स्ट्रेसचं हार्मोन, तेही त्या रिसेप्टरवर तितकंच घट्ट बसतं आणि रक्तात ते अल्डोस्टेरॉनच्या शंभरपटीहून जास्त असतं! मग रोज आपलं बीपी का चढत नाही? कारण त्याच पेशीत एक एन्झाइम आहे, 11β-HSD2, ते कॉर्टिसॉल आत आलं की लगेच त्याचं कॉर्टिसोन करून टाकतं, आणि कॉर्टिसोनला त्या रिसेप्टरवर बसता येत नाही.

ज्येष्ठमधाला गोडी देणारं ग्लिसिरायझिन आतड्यात गेलं की तिथले जंतू त्याचं ग्लिसिऱ्हेटिनिक अ‍ॅसिड करतात, आणि ते नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतं. मग कॉर्टिसॉल मोकळं सुटतं, मीठ-पाणी साठतं, बीपी चढतं, पोटॅशियम वाहून जातं. शरीराला वाटतं मीठ खूप झालं, म्हणून ते रेनिन, म्हणजे अल्डोस्टेरॉन वाढवायचा किडनीचा इशारा, आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही खाली आणतं. यावरूनच निदान होतं बघा, अल्डोस्टेरॉन बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतल्या गाठीमुळे असं झालं असतं तर अल्डोस्टेरॉन वर दिसलं असतं. या गृहस्थांचं दोन्ही तळाला होतं. टेल्मिसार्टनचा फारसा उपयोग का होत नव्हता तेही इथंच कळतं, ती गोळी रेनिनच्या साखळीवर काम करते आणि ती साखळी आधीच झोपलेली.

प्रमाणाचं म्हणाल तर दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन ही वरची मर्यादा बऱ्याच ठिकाणी धरतात, काहींना तर त्याहून कमीतही त्रास होतो. मुळीत ते किती असेल हे मालानुसार बदलतं. ४ टक्के धरलं आणि दोन चमचे म्हणजे ६ ग्रॅम चूर्ण, तर २४० मिलिग्रॅम झालं, काडी वेगळीच.

केळ्यांचं सांगतो. किडनी सांडतेय तोवर वरून घातलेलं टिकत नाही, आणि २.६ ला हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्यामुळे ते केळ्यांवर सोडायचं प्रकरण नाही. यांना ईसीजीवर लक्ष ठेवून पोटॅशियमचं औषध दिलं आणि ज्येष्ठमध पूर्ण बंद केलं. परिणाम बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी जात नाही, दोनेक आठवडे रेंगाळतो. तीन आठवड्यांनी पोटॅशियम ४.१, बीपी १३४/८४.

काहींमध्ये हे एन्झाइम जन्मतःच नीट नसतं, HSD11B2 या जीनमधल्या दोषामुळे. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच आजार होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत शक्यता वाढते, आणि आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न काही नवलाचं नाही. अशा मुलाचं वजन जन्मापासून कमी, वाढ मागे, तहान आणि लघवी खूप, आणि लहान वयातच बीपी भयंकर. त्याने ज्येष्ठमध कधी चाखलेलंही नसतं. इथे लघवीतलं कॉर्टिसॉल आणि कॉर्टिसोन यांचं प्रमाण तपासतात, कॉर्टिसॉलची बाजू जड निघते, आणि स्पायरोनोलॅक्टोनसारखं रिसेप्टर अडवणारं औषध लागतं.

तुमच्या घरात कुणी बीपीची किंवा लघवी वाढवणारी गोळी घेत असेल आणि सोबत रोज ज्येष्ठमध, काढा, घशाच्या गोळ्या असं काही चालू असेल, तर पाकिटावर यष्टिमधु किंवा मुलेठी लिहिलंय का ते बघा आणि एकदा सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या. आणि वैद्यांनी दिलं असेल तर त्यांनाही बीपीचं सांगा, चांगले वैद्य स्वतःच मात्रा बदलतात.